‘दुर्लक्ष केलं’ हे डोळ्यांना दिसतं का?

इथल्या विद्यापीठात मानववंशशास्त्राच्या पहिल्या वर्षाला टीचिंग असिस्टंट म्हणून माझं हे तिसरं सत्र. घरच्यांशी फोनवर बोलताना "पेपर तपासतेय" एवढंच सांगते, पण खरं तर मी पेपर तपासत नाही. मी फील्ड नोट्स तपासते. एखाद्या सार्वजनिक जागी तासभर बसून जे दिसलं, जे ऐकू आलं ते लिहून आणायचं, असं काम मुलांना दिलेलं असतं. त्याला उत्तरपत्रिका नसते, बरोबर-चूक ठरलेलं नसतं, आणि तरी वीसपैकी गुण द्यायचे असतात. ते कशावर देते, हे आज सविस्तर लिहिते.

माझ्या हातात दोन पेन्सिली असतात, हिरवी आणि लाल. जे डोळ्यांना दिसलं किंवा कानांना ऐकू आलं त्याखाली हिरवी रेघ. जे लिहिणाऱ्याने स्वतःच्या मनाने ठरवलं त्याखाली लाल. वाक्य सलग वाचताना दोन्ही इतकं एकजीव झालेलं असतं की रेघ मारायला घेतल्याशिवाय वेगळं कळतच नाही.

या सत्रातल्या एका विद्यार्थिनीची नोंद घेते. ती सार्वजनिक ग्रंथालयाच्या वाचन-दालनात बसली होती. तिने लिहिलं होतं:

"एक एकटे म्हातारे गृहस्थ रोजच्या जागी बसले होते. शेजारची खुर्ची आपलीच असल्यासारखी त्यांनी पिशवी ठेवून अडवली होती. एका तरुणीला तिथे बसायचं होतं, पण त्यांनी तिच्याकडे मुद्दाम दुर्लक्ष केलं. ती वैतागून निघून गेली."

वाचायला छान आहे. चित्र उभं राहतं, लिहिणारीला भाषेची जाण आहे. माझ्या पेन्सिलीने मात्र हिरव्या रेघा जेमतेम पाच ठिकाणी मारल्या: गृहस्थ बसले होते, वय जास्त दिसत होतं, खुर्चीवर पिशवी होती, एक तरुणी आली, ती गेली. बाकी सगळं लाल. ‘एकटे’ म्हणजे सोबत कोणी नव्हतं की आयुष्यात कोणी नाही? ‘रोजच्या’ जागी हे पहिल्याच भेटीत कसं कळलं? ‘अडवली’, ‘बसायचं होतं’, ‘मुद्दाम’, ‘दुर्लक्ष’, ‘वैतागून’ या प्रत्येक शब्दात कोणाच्या तरी मनात शिरून आल्याचा दावा आहे.

लाल रेघ म्हणजे चूक, असं मी मुलांना मुद्दाम सांगत नाही. अर्थ लावायला बंदी केली तर लोक आणि त्यांचं वागणं समजून घेणारा हा विषयच शिल्लक राहणार नाही. अडचण अशी की वरच्या चार वाक्यांतून ज्या गोष्टीवरून अर्थ लावला ती गोष्टच गायब झाली आहे. वाचणाऱ्याला तिच्याशी असहमत व्हायला जागाच उरलेली नाही. हीच माझी कसोटी असते: ही नोंद वाचून दुसरा कोणी वेगळ्या निष्कर्षाला पोचू शकेल का? पोचू शकत असेल तर वर्णन पुरेसं आहे.

मी तिला बोलावलं आणि खिशात ठेवायची छोटी वही मागितली. जागेवर बसल्याबसल्या तुटक शब्दांत जे टिपतो ती वही वेगळी आणि घरी जाऊन त्याची सविस्तर नोंद लिहितो ती वेगळी. तासाभराच्या निरीक्षणाला लिहायला दोन-तीन तास सहज लागतात, आणि ते त्याच दिवशी करावं लागतं. एक झोप मध्ये गेली की तपशील विरतात आणि त्यांच्या जागी ‘वैतागून’सारखे तयार शब्द येऊन बसतात. तिने चार दिवसांनी लिहिलं होतं. पण वहीत माल होता. वेळा होत्या, कोण कुठे बसलंय याचा ओबडधोबड नकाशाही होता. वही समोर ठेवून तिने पुन्हा लिहिलं ते असं:

"१०.१२. मी दाराजवळच्या टेबलाशी. खिडकीलगतच्या लांब टेबलावर एक पुरुष, केस पांढरे, तपकिरी कोट अंगातच. समोर वर्तमानपत्र उघडं. उजव्या हाताच्या खुर्चीवर कापडी पिशवी, डाव्या हाताची खुर्ची रिकामी. एक तरुणी येऊन त्यांच्या उजव्या खांद्यामागे थांबली. हातात दोन पुस्तकं. काहीतरी बोलली, मला शब्द ऐकू आले नाहीत. पुरुषाने मान वळवली नाही, पान उलटलं. ती अंदाजे अर्धा मिनिट थांबली, पुन्हा बोलली. नंतर ओठ घट्ट मिटून दालनाबाहेर गेली. १०.१४."

यात ‘दुर्लक्ष’ नाही, पण दुर्लक्षाची शक्यता तशीच आहे. शिवाय इतर शक्यताही परत आल्या. आणि दोन तपशील असे आले जे पहिल्या नोंदीत कुठेच नव्हते: डावीकडची खुर्ची रिकामी होती, आणि तरुणी उजवीकडून आली होती. ‘मला शब्द ऐकू आले नाहीत’ या वाक्याला मी वेगळा गुण दिला. आपण कुठे बसलो होतो, तिथून काय दिसत नव्हतं, काय ऐकू येत नव्हतं, हे लिहिणाऱ्याच्या नोंदीवर विसंबता येतं.

एवढं सांगितलं की वर्गातला एखादा प्रामाणिक मुलगा हमखास दुसऱ्या टोकाला जातो. "ओठांचे कोपरे वर सरकले, दात दिसले" असं लिहून आणतो. अरे, तो हसला! हे सरळ ‘हसला’ लिहावं. ‘कुत्सित हसला’ मात्र तसं लिहू नये. मधली रेघ कुठे मारायची याला पक्का नियम नाही, आणि इथे मला आपली मराठी फार कामाला येते. आपल्याकडे शरीराच्या कितीतरी क्रियापदांत अर्थ आधीच मुरलेला असतो: नाक मुरडलं, डोळे वटारले, मान डोलावली. ‘पापणी लवली’ आणि ‘डोळा मारला’ यांत डोळ्याची हालचाल एकच, पण पहिल्यात काही सांगायचं नाही आणि दुसऱ्यात आहे. गिल्बर्ट राईल या तत्त्वज्ञाने नेमकं हेच उदाहरण घेतलं होतं, आणि १९७३ मध्ये क्लिफर्ड गीर्ट्झने त्यावरून ‘सघन वर्णना’ची, म्हणजे हालचालीसोबत तिचा संदर्भ आणि अर्थही मांडणाऱ्या वर्णनाची कल्पना मानववंशशास्त्रात आणली. त्यामुळे ‘डोळा मारला’ लिहायची मुभा आहेच. फक्त सोबत ते कशावरून म्हटलं हे हवं: समोर कोण होतं, त्याने काय केलं, आधी काय बोलणं झालं होतं. माझ्या हाताखालच्या मुलांना मी हे शब्द उच्चारून दाखवते, अर्थ सांगते. त्यांच्या भाषांतही असे शब्द आहेत हे मग त्यांच्या लक्षात येतं.

बोलण्याच्या बाबतीत मी जास्त कडक आहे. दुहेरी अवतरणात फक्त तेच यावं जे शब्दशः टिपलं. आशय तेवढा आठवत असेल तर अवतरण न घालता लिहायचं. आणि एक गोष्ट मुलांना दरवेळी गोंधळात टाकते. त्या तरुणीने बाहेर येऊन स्वतःच "त्यांनी माझ्याकडे दुर्लक्ष केलं" असं कोणाला सांगितलं असतं, तर ते वाक्य हिरव्या रेघेत बसलं असतं. तो तिचा अर्थ आहे, आणि तिने तो बोलून दाखवला हे आपण ऐकलेलं आहे. लोक स्वतःच्या जगाचा जो अर्थ लावतात तो आपल्यासाठी नोंदवण्याचीच वस्तू.

मग लिहिणाऱ्याचा स्वतःचा अर्थ कुठे जातो? आमच्याकडे पानाच्या उजव्या बाजूला रुंद समास सोडायला सांगतात. डावीकडे दिसलं-ऐकलं, उजवीकडे त्याच ओळीसमोर आपला तर्क, आणि तो किती पक्का वाटतो तेही. राग, कंटाळा, कोणाबद्दलची नावड यांना वेगळी रोजनिशी. मालिनोव्हस्की या मानववंशशास्त्रज्ञाने पॅसिफिकमधल्या ट्रोब्रिअंड बेटांवर काम करताना अशी रोजनिशी पोलिश भाषेत ठेवली होती. त्याच्या मृत्यूनंतर २५ वर्षांनी, १९६७ मध्ये ती छापली गेली तेव्हा तिथल्या लोकांबद्दलची त्याची चिडचिड वाचून अभ्यासक हादरले. मला त्यातून वेगळंच जाणवतं: ती चीड असणारच होती, आणि तिला स्वतःची वही होती हे बरंच झालं.

अर्थात डाव्या रकान्यातलं सगळं निर्मळ असतं असं मी मानत नाही. दालनात त्या वेळी वीसेक माणसं असतील आणि तिने दोघांबद्दल लिहिलं. कोट टिपला, बूट टिपले नाहीत. काय पाहायचं हे निवडणं म्हणजेच अर्धा अर्थ लावणं, आणि ते दोन रकान्यांनी मिटत नाही. म्हणून एकाच जागी तीन भेटी सक्तीच्या असतात, आणि दुसऱ्या भेटीत मी सांगते: गेल्या वेळी जिथे पाहिलं नाहीस तिथे पाहा.

तिच्या दुसऱ्या भेटीत ग्रंथालयाच्या कर्मचारी बाई त्याच गृहस्थांकडे आल्या. टेबलाला वळसा घालून डाव्या बाजूला गेल्या, वाकल्या, बोलल्या. गृहस्थांनी लगेच मान वर केली. तिसऱ्या भेटीत मागून, उजवीकडून कोणाची तरी पुस्तकं धाडकन पडली. आसपासच्या चौघांनी वळून पाहिलं, त्यांनी नाही. या खेपेलाही पिशवी उजव्याच खुर्चीवर होती.

हे सगळं डावीकडे होतं, वेळांसकट. उजवीकडे तिने लिहिलं होतं: "उजव्या कानाने कमी ऐकू येत असेल? पिशवी जागा अडवायला नसून, लोकांनी डावीकडे बसावं म्हणून? बऱ्यापैकी शक्य. पण पुस्तकं पडली तेव्हा ते वाचण्यात गुंगही असू शकतात. विचारलेलं नाही." विचारायला संमती घ्यावी लागली असती आणि ती या कामाच्या चौकटीत नव्हती, म्हणून प्रश्नचिन्ह तसंच राहिलं. मी ते खोडायला लावलं नाही.

पहिल्या नोंदीला मी वीसपैकी नऊ दिले होते. या तिसरीला सतरा दिले. तीन गुण कापले, कारण कर्मचारी बाई वाकून काय बोलल्या ते तिने दुहेरी अवतरणात लिहिलं होतं, आणि तिच्याच नकाशाप्रमाणे ती त्या वेळी दालनाच्या दुसऱ्या टोकाला बसलेली होती.