रातांबा, आलुबुखार आणि डिझायनरला पाठवलेली दुसरी मेल

कुडाळला आमचं कोकणी मेव्याचं छोटं दुकान आहे. गेल्या दिवाळीनंतर आमसुलाच्या दोनशे ग्रॅमच्या उभ्या पाऊचसाठी नवीन डिझाइन करायचं ठरवलं. काम घेतलं पुण्यातल्या एका फ्रीलान्स डिझायनरने. तो मला काकू म्हणतो. फोटोशूट परवडणार नव्हतं, म्हणून चित्रं एआयने तयार करू असं त्यानेच सुचवलं आणि मीही हो म्हटलं. आठ दिवसांत तीन नमुने आले. मोबाइलवर पाहिले तेव्हा तिन्ही सुरेख वाटले.

सासूबाईंनी चष्मा लावून पाहिलं आणि म्हणाल्या, "ह्ये रातांबे नाय गो. ह्यी आलुबुखारा."

मग मी लॅपटॉपवर मोठं करून पाहिलं. त्यांचं खरं होतं. फळ गोल आणि लालसर होतं, पण मधोमध कापलेलं आणि आत एकच मोठी आठळी. रातांब्यात, म्हणजे कोकमाच्या फळात, पाच ते आठ बिया असतात, त्यांच्याभोवती पांढरा गर असतो आणि बाहेर जाड साल. चित्रातल्या पानांच्या कडांना करवतीसारखे दाते होते, कोकमाच्या पानाची कड मात्र सरळ असते. आणि वाटीतलं आमसूल म्हणजे चक्क मनुका! आमचं आमसूल असतं सालीचं उघडलेलं, कडेला वळलेलं, जवळजवळ काळं, आणि घड्यांमध्ये मिठाची पांढरट झाक असलेलं. तुळशीबागेत उभं राहून पाऊच हातात घेणाऱ्या बाईला हा फरक लगेच कळतो.

त्या रात्री मी घाईत पहिली मेल लिहिली: "फळ चुकलं आहे, जरा कोकणी वाटू दे, रंग थोडा गडद कर." दोन दिवसांनी नवीन चित्रं आली आणि सगळंच बदललेलं होतं. मला आवडलेली वेताची टोपली गेली, पाठीमागचा जांभा दगड गेला, शिवाय शेजारी बर्फ आणि पुदिना घातलेला सरबताचा पेला आला. मी फोन केला तेव्हा त्याने समजावलं की नव्याने सूचना दिली की ही साधनं चित्र नव्याने काढतात, जुन्यात नेमकी दुरुस्ती होईलच असं नाही. चित्राचा ठरावीक भाग निवडून तेवढाच बदलता येतो, पण कुठला भाग ठेवायचा हे त्याला कुणीतरी सांगायला हवं. ते मी सांगितलंच नव्हतं.

दुसरी मेल लिहायला मला एक अख्खी दुपार लागली. पहिल्या तीन नमुन्यांचे प्रिंट काढले, लाल पेनाने खुणा केल्या, त्यांचे फोटो जोडले आणि सुरुवात अशी केली:

"पहिल्या फेरीतला नमुना क्रमांक दोन धरून चल. जांभा दगड, टोपली आणि डावीकडून येणारं ऊन यांना हात लावू नकोस. फळ, पान आणि वाटीतलं आमसूल मात्र एआयने काढायचं नाही. त्यांचे खरे फोटो पाठवते, ते कापून बसव. सरबताचा पेला नको. पाकिटात आमसूल आहे, सरबत नाही."

पेल्याबद्दल मी मुद्दाम लिहिलं. वेष्टणावरचं चित्र गिऱ्हाइकाची दिशाभूल करणारं नसावं, हा अन्नसुरक्षेच्या लेबल नियमांचा गाभाच आहे. पेला पाहून कुणी आत सरबताचं सत्त्व आहे असं समजून घरी नेलं, तर तो दोष माझाच.

फोटोंची अडचण अशी की रातांबे पिकतात एप्रिल-मेमध्ये आणि हे चाललं होतं नोव्हेंबरात. सुदैवाने मेमध्ये सोलं वाळत घालताना मी मोबाइलवर काढलेले फोटो होते. सूपभर रातांबे, फोडलेलं फळ, रसाचं पुट दिलेली ओली साल. व्हॉट्सअ‍ॅपवर साधा फोटो पाठवला की तो लहान होतो, म्हणून मूळ फाइलच मेलला जोडल्या. वाळलेल्या आमसुलाचा फोटो दुकानाच्या पायरीवर सकाळच्या उन्हात काढला, ऊन डावीकडून येईल अशा बाजूने, म्हणजे चित्रातल्या सावलीशी जुळेल.

मग आला मजकूर. तयार झालेल्या चित्रात 'आमसूल' हा शब्द लांबून बरोबर वाटत होता, जवळून पाहिलं तर शिरोरेषा मध्येच तुटलेली आणि उकार भलत्याच अक्षराखाली. म्हणून लिहिलं: "चित्रात एकही अक्षर नको. सगळा मजकूर युनिकोडमध्ये जोडला आहे, तो कॉपी करून बसव, टाइप करू नकोस. अक्षरांची आउटलाइन करायच्या आधीची पीडीएफ मला दाखव." आधीच्या एका कामात 'किंमत'मधली वेलांटी 'क'च्या पुढे जाऊन बसली होती आणि पाचशे स्टिकर फुकट गेले होते. तो अनुभव विसरले नव्हते. नियमाप्रमाणे लागणारा तपशील इंग्रजीत किंवा देवनागरी हिंदीत असावा लागतो, मराठी सोबत चालते. त्यामुळे पाठीमागची बाजू मी इंग्रजी आणि मराठी अशा दोन्ही भाषांत लिहून दिली.

सर्वांत जास्त भीती वाटली ती खोट्या शिक्क्यांची. चित्रात कोपऱ्यात हिरव्या पानाचा 'सेंद्रिय' असा गोल शिक्का आपोआप आला होता, आणि खाली बारकोडसारख्या रेघा. आमच्याकडे सेंद्रियचं प्रमाणपत्र नाही. मी लिहिलं: "हे दोन्ही पूर्ण काढ, पुसट करून ठेवू नकोस. बारकोड, एफएसएसएआयची खूण आणि आमचा चौदा आकडी परवाना क्रमांक तू स्वतः बसव. शाकाहाराची खूण म्हणजे हिरव्या चौकटीत भरलेला हिरवा गोल. आपल्या पाऊचच्या आकाराला गोलाचा व्यास किमान चार मिलिमीटर आणि चौकटीची बाजू त्याच्या दुप्पट लागते." चित्रात ती खूण होती, पण चौकट गोलाकार झाली होती आणि हिरव्याचा पोपटी झाला होता.

शेवटी आकार. पाऊच १५ बाय २२ सेंटीमीटरचा. छापखान्याने ३०० डीपीआय, म्हणजे दर इंचाला ३०० ठिपके, मागितलं होतं, म्हणजे रुंदीला साधारण १७७२ पिक्सेल. आलेलं चित्र होतं १०२४ पिक्सेल रुंद, म्हणजे जेमतेम १७३ डीपीआय. पडद्यावर हे कळत नाही, छापल्यावर टोपलीचा वेत बोथट दिसतो. चित्र मोठं करून पुन्हा तपासायला सांगितलं आणि रंग छपाईच्या सीएमवायकेमध्ये बदलूनच पाठवायला सांगितले, कारण पडद्यावरचा झगमगीत जांभळा कागदावर मळतो.

चार दिवसांनी फाइल आली. ती शंभर टक्के आकारात साध्या कागदावर छापली, कापली आणि रिकाम्या पाऊचवर चिकटवली. तेव्हा आणखी एक चूक सापडली, आणि ती माझीच होती. निव्वळ वजनाची ओळ मी अगदी खाली सांगितली होती, ती पाऊच उभा राहिल्यावर तळाच्या घडीत जात होती. ती दोन सेंटीमीटर वर घेतली. एमआरपी, बॅच आणि तारखांसाठी पांढरी जागा मोकळी ठेवली आणि त्या जागेवर लॅमिनेशन नको असं छापखान्याला कळवलं, कारण चकचकीत पृष्ठभागावर शिक्क्याची शाई बोटाने पुसली जाते.

आधी दहा नमुने मागवले. जांभळा रंग पडद्यापेक्षा थोडा तपकिरी आला, पण खऱ्या आमसुलाच्या तो जवळचा होता, म्हणून तसाच ठेवला. सासूबाईंनी पाऊच खिडकीशी नेला, आधी पान पाहिलं, मग फळ पाहिलं, आणि विचारलं, "ह्यो आपल्या परसातलो रातांबो मा?" परसातलाच होता. दुसऱ्या दिवशी हजार पाऊचची ऑर्डर दिली.