दोन फौंड्र्या, सारखी कमाई आणि भाव वेगळे: एंटरप्राइझ व्हॅल्यू काढताना आलेला माझा अनुभव

मावसभावाला ओतकामाच्या धंद्यातल्या एका कंपनीचे शेअर घ्यायचे होते. दोन नावं निवडून तो माझ्याकडे आला. दोघींचे गिऱ्हाईक तेच, ट्रॅक्टर आणि ट्रकवाले. भट्ट्यांची क्षमताही जवळपास सारखी. "दादा, एक साडेदहा पटीत आहे आणि दुसरी आठ पटीत. मग विचार कसला करायचा?" पट म्हणजे पीई, शेअरचा भाव भागिले प्रतिशेअर नफा. मी म्हटलं, वार्षिक अहवाल उघडू, मग बोलू.

कंपन्यांची नावं इथे देत नाही. त्यांना अ आणि ब म्हणू. आकडेही सोयीसाठी गोल केलेत.

अ कंपनीचं बाजारमूल्य, म्हणजे एकूण शेअर गुणिले भाव, 1,000 कोटी. कर्ज शून्य, बँकेत 100 कोटी. ब कंपनीचं बाजारमूल्य 420 कोटी, कर्ज 600 कोटी, रोकड 50 कोटी. व्याज, कर आणि घसारा वजा होण्याआधीची कमाई, म्हणजे एबिटडा, दोघींची 150 कोटी. घसाराही सारखाच, 30 कोटी. म्हणजे कारखाना म्हणून दोघी 120 कोटीच कमावतात. फरक पडतो तो त्याच्या पुढच्या ओळीत. ब 600 कोटींवर 9 टक्क्यांनी 54 कोटी व्याज भरते. अ काहीच भरत नाही, उलट ठेवींवर 7 कोटी मिळवते. ब ला ठेवींवरचे 3 कोटी मिळतात. 25 टक्के कर गेल्यावर अ चा नफा सुमारे 95 कोटी, ब चा सुमारे 52. म्हणून पीई साडेदहा आणि आठ.

इथवर भाऊ बरोबरच होता. पण शेअरचा भाव सांगतो भागधारकांच्या हिश्श्याची किंमत. ब च्या कारखान्यावर बँकांचाही हक्क आहे आणि तो भागधारकांच्या आधी येतो. शेतजमीन घेताना आपण सातबाऱ्यावरचा बोजा बघतोच ना? मालकाने चार लाख मागितले आणि वर सोसायटीचं सहा लाखांचं कर्ज असेल, तर ती जमीन दहा लाखांची. एंटरप्राइझ व्हॅल्यू म्हणजे हाच हिशेब: बाजारमूल्य अधिक कर्ज वजा रोकड. रोकड वजा करायची, कारण कंपनी ताब्यात आली की ती रोकडही घेणाऱ्याचीच होते.

अ ची एंटरप्राइझ व्हॅल्यू 1,000 वजा 100, म्हणजे 900 कोटी. ब ची 420 अधिक 600 वजा 50, म्हणजे 970 कोटी. 150 कोटींच्या एबिटडाला अ सहा पटीत मिळते, ब जवळपास साडेसहा पटीत. पीईवर स्वस्त दिसणारी ब कारखाना म्हणून जास्त महाग निघाली. एबिटडा व्याजाच्या आधीचा असतो, म्हणून त्याची गाठ कर्ज धरलेल्या किमतीशीच घालता येते. आणि रोकड किमतीतून वजा केली, की तिच्यावरचं व्याजही एबिटडात धरायचं नाही. बऱ्याच तक्त्यांत 'इतर उत्पन्न' एबिटडात मिसळलेलं असतं, ते आधी बाहेर काढावं लागतं.

भावाला तरीही पटेना. "पण मी तर शेअर घेतोय, कारखाना नाही." रास्त प्रश्न. मी कमाई 30 कोटींनी घटवून दाखवली. ट्रॅक्टरच्या विक्रीला एक वाईट वर्ष पुरे असतं. अ चा नफा 95 वरून सुमारे 73 वर येतो. ब चं व्याज मात्र 54 कोटीच राहतं, आणि नफा 52 वरून 29 वर. एक पाव घसरली, दुसरी जवळपास निम्म्यावर आली. बाजार ब ला कमी पट देतो तो या जोखमीपोटी. ती सवलत नव्हे.

टोकाचं उदाहरण भूषण स्टीलचं. 2018 मध्ये दिवाळखोरी संहितेखाली टाटा स्टीलने ती घेतली तेव्हा वित्तीय धनकोंचे मान्य दावे सुमारे 56,000 कोटी होते आणि त्यांना 35,200 कोटी मिळाले. 72.65 टक्के भागभांडवलासाठी टाटा स्टीलने 159 कोटींच्या आसपास भरले. व्यवहाराची खरी किंमत जवळपास सगळी कर्जाच्या बाजूला होती. शेअरच्या भावावरून त्या पोलाद कारखान्याची किंमत कुणालाच कळली नसती.

सूत्र एका ओळीचं आहे; वेळ खाल्ला तो त्यात घालायच्या आकड्यांनी. ब चं कर्ज ताळेबंदात 'उसनवारी' या शीर्षकाखाली दोन जागी होतं, दीर्घ मुदतीचं आणि अल्प मुदतीचं. दोन्ही मिळून 31 मार्चला भरले 450 कोटी. पण व्याज 54 कोटी, म्हणजे 12 टक्के! टिपांमध्ये त्यांच्या कर्जाचा दर 9 टक्क्यांच्या आसपास दिला होता. मेळ बसेना. उलटा हिशेब केला तर 54 कोटी व्याजाला सरासरी 600 कोटी कर्ज लागतं. वर्षअखेरीला येणी वसूल करून आणि पुरवठादारांचे पैसे थोपवून कॅश क्रेडिट खाली आणायचं, एप्रिलमध्ये पुन्हा वापरायचं, ही पद्धत नवीन नाही. म्हणून मी 600 धरले. व्याज भागिले कर्ज एवढी एक तपासणी केली तरी असली तफावत लगेच दिसते.

रोकडीतही थोडी छाननी लागते. पतपत्रांसाठी बँकेकडे अडकवलेली मार्जिन मनी आणि न घेतलेला लाभांश ही रक्कम ताळेबंदात दिसते, पण कर्ज फेडायला वापरता येत नाही. ती मी वजा केली नाही. उपकंपन्यांत बाहेरच्यांचा हिस्सा असेल तर तोही मिळवावा लागतो, कारण एकत्रित एबिटडा पूर्ण धरलेला असतो. इथे तो नव्हता, सुटलो.

मग भावाने विचारलं, हाच हिशेब बँकेच्या शेअरला लावू का? नको. बँकेच्या ठेवी म्हणजे तिचा कच्चा माल. त्यांना कर्ज म्हणून मिळवून काही अर्थ निघत नाही.

पण यावरून ब घेऊच नये असंही माझं मत नाही. समजा कारखान्याची किंमत 970 कोटींवरच राहिली आणि ब ने स्वतःच्या कमाईतून 100 कोटी कर्ज फेडलं. मग भागधारकांचा हिस्सा 420 वरून 520 वर जातो, भाव चोवीस टक्के वर. प्रश्न फक्त ते 100 कोटी येणार कुठून. एबिटडा आणि ठेवींवरचं व्याज मिळून 153 कोटी. त्यातून 54 कर्जाचं व्याज, 17 कर आणि भट्ट्या-साच्यांवर वर्षाला 40 कोटी गेले की उरतात 42. लाभांश दिला नाही आणि माल व उधारीत जास्त पैसा अडकला नाही, तर अडीच वर्षांच्या आत. कंपन्या ताळेबंद सप्टेंबरअखेरचाही देतात. ब चं कर्ज तेव्हा किती दिसतं ते बघून ठरवू, असं म्हणून भाऊ गेला.