मित्राला दिलेलं कर्ज आणि ‘हप्ता चुकला तर’चं कलम

मित्राला २,४०,००० रुपये द्यायचे होते. मुदत २४ महिने, व्याज द.सा.द.शे. ९. नावं, पत्ते, पॅन, रक्कम, साक्षीदार हे सगळं अर्ध्या तासात लिहून झालं. अडलं ते ‘हप्ता चुकला तर’ या कलमावर, आणि त्या एका कलमाने तीन आठवडे खाल्ले. त्याचं कारण म्हणजे टायपिंगवाल्याकडचा तयार नमुना. त्याचा राग अजून गेलेला नाही, कारण तोच नमुना आजही लोक सह्या करून घरी नेत असतील.

त्या नमुन्यात लिहिलं होतं: ‘लिहून घेणार यांनी मागणी करताच लिहून देणार हे संपूर्ण रक्कम परत करतील. एक हप्ता जरी थकल्यास दुप्पट रक्कम द्यावी लागेल.’ यात ‘लिहून घेणार’ म्हणजे पैसे देणारा आणि ‘लिहून देणार’ म्हणजे कर्ज घेणारा. वाचायला हे कडक वाटतं. प्रत्यक्षात दोन्ही वाक्यं पैसे देणाऱ्याच्याच मुळावर येतात.

आधी ‘दुप्पट’चं बघू. भारतीय करार कायद्याच्या कलम ७४ प्रमाणे करारात दंड कितीही लिहिला तरी न्यायालय वाजवी भरपाईच देतं, आणि लिहिलेला आकडा ही तिची फक्त वरची मर्यादा असते. म्हणजे कागदावरचे ४,८०,००० हातात पडत नाहीत, मात्र दंड वाजवी की अवाजवी या वादात महिने जातात.

‘मागणी करताच’ हे त्याहून घातक. मागणी केल्यापासून तीन वर्षांत दावा लावता येतो, असा सर्रास समज आहे. पण मागताच परत करायच्या कर्जाची तीन वर्षांची मुदत पैसे दिले त्या दिवसापासूनच मोजली जाते. मैत्रीखातर आपण दोन-अडीच वर्षं मागायला संकोचतो आणि तेवढ्यात मुदत जवळजवळ संपते. त्यात पुढे हप्त्यांचा तक्ताही जोडलेला, म्हणजे रक्कम मागताच द्यायची की हप्त्यांनी, यावरच भांडण. ‘मागणी करताच’ हे शब्द मी काढून टाकले.

त्याजागी शेवटी असं लिहिलं: ‘हप्ता देय तारखेपासून १० दिवसांत न भरल्यास, त्या थकीत हप्त्यावर देय तारखेपासून ९ ऐवजी द.सा.द.शे. १२ दराने सरळव्याज लागेल. लागोपाठ दोन हप्ते थकल्यास लिहून घेणार लेखी नोटीस देऊ शकतील. नोटीस मिळाल्यापासून १५ दिवसांत थकबाकी न भरल्यास उरलेलं सर्व मुद्दल व त्या दिवसापर्यंतचं व्याज एकदम देय होईल.’

समजा सातवा हप्ता थकला. तोवर सहा हप्ते भरून मुद्दल १,८०,००० उरलेलं असतं आणि हप्ता ११,३५० चा. महिनाभर उशीर झाला तर जादा दराने व्याज साधारण ११२ रुपये होतं. एवढ्यावर कुणी वाद घालत नाही. आठवाही चुकला आणि नोटिशीनंतरही काही आलं नाही, तर १,८०,००० आणि व्याज एकदम मागता येतं. नोटीस स्पीड पोस्टाने, करारातल्या पत्त्यावर पाठवायची. म्हणून ‘पत्ता बदलल्यास लेखी कळवावे’ हे वाक्यही घाला.

हप्त्याचा हिशेब इथेच सांगतो, कारण ‘९ टक्के’ एवढंच लिहून भागत नाही. पूर्ण रकमेवर दोन वर्षं व्याज धरलं तर ४३,२०० होतात. उरलेल्या मुद्दलावर धरलं, तर दरमहा १०,००० मुद्दल फिटत जातं आणि एकूण व्याज २२,५०० होतं. पहिला हप्ता ११,८००, पुढे दरमहा ७५ रुपयांनी कमी, शेवटचा १०,०७५. म्हणून ‘शिल्लक मुद्दलावर’ हे शब्द लिहाच, आणि तारखांसह २४ ओळींचा तक्ता जोडून त्याच्या प्रत्येक पानावर दोघांनी सह्या करा. अर्धवट रक्कम आली तर ती आधी व्याजात आणि मग मुद्दलात जमा होईल, हेही लिहा.

मुद्रांकाचं राहिलंच. ऑक्टोबर २०२४ पासून महाराष्ट्रात अशा करारांना शंभराचा चालत नाही, किमान पाचशेचा लागतो. रक्कम मोठी असेल किंवा दस्त बंधपत्राच्या धर्तीचा होत असेल तर शुल्क वेगळं लागू शकतं. ते मुद्रांक जिल्हाधिकारी कार्यालयात मसुदा दाखवून विचारा. कमी मुद्रांकाचा कागद तूट आणि दंड भरेपर्यंत न्यायालयात पुरावा म्हणून घेतला जात नाही.

पैसे खात्यातूनच द्या आणि व्यवहाराचा नंबर करारात लिहा. वीस हजार किंवा त्याहून जास्त कर्ज रोखीने घेणं-फेडणं आयकर कायद्याला चालत नाही, आणि दंड त्या रकमेइतका होऊ शकतो. वर्षातून एकदा ‘आजअखेर मुद्दल इतकं बाकी आहे’ अशी मित्राची तारखेसह सही घ्या. दाव्याची मुदत संपण्याआधी घेतलेल्या अशा लेखी कबुलीने तीन वर्षं नव्याने सुरू होतात. मुदत उलटल्यावर घेतलेल्या सहीने ती सुरू होत नाहीत.