फ्रेंच लेखन, आठवडा सहावा: पिवळ्या गाडीतून उतरताना

या आठवड्यात बी१ पातळीच्या वाचकाला झेपेल असा दीडशे शब्दांचा प्रवासमजकूर पूर्ण केला. विषय गेल्या वर्षीच्या शनिवार-रविवारचा: पेर्पिन्याहून व्हिलफ्रांशपर्यंत साधी गाडी, तिथून त्रँ झोन, म्हणजे पिरेनीज डोंगरात ६३ किलोमीटर धावणारी छोटी पिवळी गाडी. उघड्या डब्यात बसून आम्ही मों-लुईला उतरलो, तटबंदीतलं गाव पाहिलं, मुक्काम केला.

सगळा आठवडा गेला तो चढण्या-उतरण्यात. फ्रेंच भूतकाळात मुख्य क्रियापदाआधी आव्वार किंवा एत्र यांपैकी एक सहायक क्रियापद लागतं. पहिल्या खर्ड्यात मी सगळीकडे आव्वार लावलं होतं, 'झे देसांद्यू आ मों-लुई', म्हणजे 'मी मों-लुईला उतरले'. माझ्या फ्रेंच मैत्रिणीने ते खोडून एत्र घातलं: 'झ स्युई देसांद्यू'. मग दुसऱ्या खर्ड्यात मी बॅगेलाही एत्र लावून बसले, आणि तेही चुकलं.

गाठ सुटली ती मराठीमुळे. 'मी उतरले' यात क्रियापद माझ्यामागे चालतं, 'मी बॅग उतरवली' यात बॅगेमागे. फ्रेंचमध्ये दोन्हींना क्रियापद एकच, पण सहायक बदलतं. स्वतः उतरले तर एत्र, आणि मी बाई असल्याने शेवटी जास्तीचा 'ई'. बॅग उतरवली तर आव्वार: 'झे देसांद्यू मा वालीझ', इथे 'ई' नाही. मात्र बॅग आधी आली, 'ला वालीझ क झे देसांद्यू' म्हणजे 'मी उतरवलेली बॅग', तर 'ई' परत येतो, कारण वालीझ स्त्रीलिंगी. हा 'ई' ऐकूच येत नाही. आपल्याकडे 'उतरलो' आणि 'उतरले' कानाला वेगळे लागतात, त्यामुळे लिहिताना कानावर भरवसा ठेवला की तो हमखास गळतो. आता मी एत्र दिसलं की थांबून कर्त्याचं लिंग-वचन बघते.

मराठीचा आधार एका ठिकाणी फसतो, तो जिन्यावर. 'मी जिना चढले' म्हणताना आपण क्रियापद स्वतःमागेच ठेवतो, म्हणून मी एत्र लिहिलं. पण फ्रेंच जिन्याला सरळ कर्म मानते: 'झे मोंते लेस्काल्ये'. तेव्हा कसोटी अशी केली: क्रियापदानंतर मध्ये कोणतंही शब्दयोगी न येता नाम आलं, तर आव्वार. 'दां ल त्रँ' मध्ये 'दां' आहे, म्हणून गाडीत चढताना एत्र.

काळांचा प्रश्न त्या मानाने सोपा गेला. 'गाडी हळूहळू चढत होती' तिथे अँपार्फे, म्हणजे चालू क्रियेचा भूतकाळ; 'आम्ही उतरलो' तिथे पासे कोंपोझे, म्हणजे सहायक लागणारा पूर्ण क्रियेचा भूतकाळ. फक्त ते 'आम्ही' मी आणि नवरा, म्हणजे पुल्लिंगी अनेकवचन, 'ई' जाऊन 'एस'. तेवढं एक वाक्य अजून दुरुस्त करायचं आहे.