४० ओळी जुळल्या, तरीही

प्रयोगशाळेच्या जुन्या नोंदवह्यांची स्कॅन केलेली पानं, चित्रातली अक्षरं ओळखणाऱ्या ओसीआरमधून काढून सीएसव्ही बनवायचं काम आमच्याकडे होतं. त्यातलं एक पान माझ्या चांगलं लक्षात राहिलं, कारण त्यात चूक सापडायला हवी तिथे सगळं बरोबर दिसत होतं.

पानावर एकच तक्ता होता. ४० ओळी, ६ कॉलम: अनुक्रमांक, नमुना, तारीख, पहिलं वाचन, दुसरं वाचन आणि शेरा. निघालेली फाइलही ४० ओळींची आणि ६ कॉलमची. माझ्या सहकाऱ्याने वरच्या पाच आणि खालच्या पाच ओळी चित्राशी ताडून पाहिल्या होत्या. त्यात एकही आकडा चुकलेला नव्हता. "पान पुढे पाठवू का?" असं त्याने विचारलं, तेव्हा मी भरलेल्या सेल मोजून होईपर्यंत थांबायला सांगितलं.

ही मोजणी मी आधी चित्रावरून करते, फाइल न उघडता. फाइलमधला आकडा आधी कळला की डोळे चित्रातही तोच शोधू लागतात. पट्टी धरून दहा-दहा ओळींवर खूण करायची. अनुक्रमांकाच्या भरवशावर राहायचं नाही, कारण हाताने लिहिलेल्या वह्यांत आकडा गळतो किंवा दोनदा येतो. मथळ्याच्या ओळी वेगळ्या ठेवायच्या. या पानावर 'वाचन' हा शब्द दोन कॉलमांवर मिळून एकदाच छापलेला होता, आणि असा जोडलेला सेल कुठलं सॉफ्टवेअर एकदा लिहितं, तर कुठलं दोनदा. मथळा मोजणीत धरला तर हिशेब उगाच बिघडतो.

मग प्रत्येक कॉलममधले रिकामे सेल मोजायचे. भरलेल्यांपेक्षा रिकामे मोजणं सोपं जातं, कारण ते बहुधा थोडे असतात. शेऱ्यासारख्या जवळजवळ रिकाम्या कॉलममध्ये मात्र उलट, भरलेलेच मोजावेत. आडवी रेघ रिकामी धरायची की भरलेली, हे मोजण्याआधीच ठरवायचं. मी ती भरलेली धरते. कुणीतरी ती मुद्दाम मारलेली असते, आणि ती फाइलमध्ये उतरायलाच हवी.

चित्रात पहिले चार कॉलम पूर्ण भरलेले होते, म्हणजे प्रत्येकी ४०. दुसऱ्या वाचनात ५ जागा रिकाम्या, म्हणून ३५. शेरे ९. एकूण २०४. मग फाइलची मोजणी केली:

```
import pandas as pd
t = pd.read_csv("p12.csv", dtype=str,
                keep_default_na=False)
print(t.shape)
print(t.apply(lambda c: (c.str.strip() != "").sum()))
```

यातलं `keep_default_na=False` विसरून चालत नाही. ते नसेल तर रिकामा सेल आणि चित्रात लिहिलेलं `NA`, दोन्हींच्या जागी पांडाज `NaN` ठेवतं, वरची तुलना त्याला भरलेला सेल धरते, आणि मोजणी करणारं साधनच खोटा आकडा दाखवतं.

उत्तर आलं: `(40, 6)`. पहिल्या चार कॉलमांत प्रत्येकी ३९, दुसऱ्या वाचनात ३६, शेऱ्यात ८. एकूण २००.

चार कॉलम एकाच वेळी एकेकाने कमी झाले म्हणजे एक पूर्ण ओळ गेली, हे उघड होतं. पण एक ओळ गेली असताना ओळी ४० कशा? कुठेतरी एक खोटी ओळ तयार झालेली असणार. म्हणून ओळीनुसार भरलेल्या सेल मोजल्या, तेव्हा १८ व्या जागी फक्त एक सेल भरलेला निघाला, तोही शेऱ्याचा. चित्रात १७ व्या ओळीचा शेरा लांब होता आणि दोन ओळींत मोडून लिहिला होता. सॉफ्टवेअरने त्याचा खालचा तुकडा नवी ओळ समजून लिहिला होता.

हरवलेली ओळ होती २९ वी. तिथे पानाला घडी पडलेली होती आणि घडीची सावली ओळीवरून गेली होती. स्कॅनचं काळं-पांढरं रूपांतर करताना काळं काय आणि पांढरं काय हे ठरवणारा एकच उंबरठा पूर्ण पानाला लावल्यामुळे सावलीचा तो पट्टा काळा झाला आणि अक्षरं त्यातच बुडाली.

आता वरच्या आणि खालच्या ओळी का जुळल्या होत्या तेही उलगडलं. १७ व्या ओळीपर्यंत सगळं जागेवर. १८ व्या जागी खोटी ओळ आली आणि पुढच्या सगळ्या एकेक घर खाली सरकल्या. २९ वी गळली आणि ३० वी पुन्हा स्वतःच्या जागेवर आली. बिघाड होता तो १८ ते २९ या मधल्या पट्ट्यात, आणि घाईत तपासणारा नेमका तिथेच डोकावत नाही.

पण हिशेब इथे पुरा होत नव्हता. २९ व्या ओळीत दुसरं वाचन होतं, ते गेलं म्हणजे त्या कॉलममध्ये ३४ उरायला हवेत. आहेत ३६. त्या ओळीला शेरा नव्हता आणि १७ व्या ओळीच्या शेऱ्याचे दोन तुकडे झाले, म्हणजे शेरे १० व्हायला हवेत. आहेत ८. एकीकडे दोन जास्त, दुसरीकडे दोन कमी: दोन शेरे डावीकडे सरकून दुसऱ्या वाचनात बसले होते. एकूण सेलच्या बेरजेत हे कधीच दिसलं नसतं, कारण सरकलेला सेल बेरीज बदलत नाही. म्हणून मोजणी कॉलमनुसारच करावी लागते.

या दोन कॉलमांमध्ये उभी रेघ छापलेलीच नव्हती. सॉफ्टवेअर मजकुराच्या मधल्या मोकळ्या जागेवरून सीमा ठरवत होतं. जिथे दुसरं वाचन रिकामं होतं आणि शेरा जरा डावीकडून सुरू झाला होता, तिथे तो आत ओढला गेला. त्यातला एक शेरा 'टीप ३' असा होता. आकड्यांच्या कॉलममध्ये अक्षरं आली की तो पुढे कुठेतरी अडकलाच असता. दुसरा मात्र नुसता ४ होता, तक्त्याखालच्या चौथ्या टिपेकडे बोट दाखवणारा. आजूबाजूची वाचनं ३.२ ते ६.८ च्या दरम्यान होती. जे वाचन कधी घेतलंच गेलं नव्हतं ते ४ म्हणून सरासरीत शिरलं असतं, आणि मूळ चित्र न पाहणाऱ्या माणसाला त्यात काहीच खटकलं नसतं. सगळ्या चुकांमध्ये मला भीती वाटते ती या जातीच्या चुकीची.

पान पुन्हा काढताना भागागणिक बदलणारा उंबरठा लावला, तेव्हा २९ वी ओळ उमटली. कॉलमच्या सीमा हाताने आखून दिल्या. अनुक्रमांक नसलेली ओळ वरच्या ओळीत जोडायची, असा नियम याच पानापुरता घातला. ज्या वहीत अनुक्रमांकच सोडलेले असतात तिथे हाच नियम खऱ्या ओळी एकमेकींत मिसळून टाकेल. पुन्हा मोजलं: ४०, ४०, ४०, ४०, ३५, ९.

त्यानंतरच आम्ही आकडे वाचायला बसलो, एकाने चित्रावरून बोलायचं आणि दुसऱ्याने फाइलमध्ये पाहायचं. मोजणी जुळली म्हणजे फक्त सांगाडा जुळला; ३ चा ८ झाला किंवा दशांश चिन्ह गळलं तर सेलची संख्या तशीच राहते. पहिल्या वाचनात तसा एक ३ चा ८ निघाला, आणि पानाच्या तळाशी लिहिलेल्या बेरजेनेही त्यावर शिक्कामोर्तब केलं.

घडी पूर्ण वहीलाच पडलेली होती, तेव्हा बाकीच्या पानांवरही सावली त्याच उंचीवर असणार. सहकाऱ्याने आधी तयार झालेल्या सगळ्या फाइली परत मागवल्या आणि प्रत्येक चित्रात घडीखालच्या ओळीपासून मोजायला सुरुवात केली.