अकरावा प्रश्न

गेली चौदा वर्षे मी एलएलबीच्या पहिल्या वर्षाला करार कायदा शिकवतो आणि अंतर्गत परीक्षेची वीस गुणांची वस्तुनिष्ठ प्रश्नपत्रिकाही मीच काढतो. उत्तरतालिका सूचनाफलकावर लावल्यानंतर हरकतींसाठी दोन दिवस ठेवण्याची माझी पद्धत आहे. बहुतेक हरकती एका गुणासाठी केलेल्या घासाघिशीच्या असतात आणि चहा पिता पिता निकाली निघतात. त्या वर्षी मात्र अकराव्या प्रश्नावर आलेल्या हरकतीने माझी सबंध दुपार घेतली, कारण चूक माझी होती आणि ती नेमकी कुठे झाली हे मला लवकर सापडत नव्हते.

प्रश्न असा होता. आईवडील वारल्यावर एका मुलाचा सांभाळ आणि त्याच्या मालमत्तेची व्यवस्था काकांकडे होती. मुलाने 18 वर्षे पूर्ण केली, तेव्हा काकांनी ‘मालमत्तेचा सर्व हिशेब मिळाला, काही येणे राहिले नाही’ अशी पावती त्याच्याकडून लिहून मागितली. प्रत्यक्षात हिशेब दाखवला नव्हता. पावती दिली नाहीस तर तुझ्या आईचे दागिने मी देणार नाही, असे काका म्हणाले. दागिने वारसाहक्काने मुलाचेच होते. मुलाने सही केली. त्याची संमती कशामुळे मुक्त नाही? पर्याय चार: जबरदस्ती, अनुचित प्रभाव, फसवणूक, गैरनिवेदन. माझ्या तालिकेत उत्तर होते अनुचित प्रभाव.

हरकत घेऊन आलेल्या बाई तहसील कार्यालयात नोकरी करून सायंकाळच्या वर्गाला येत. वयाने माझ्याहून थोड्या मोठ्याच असाव्यात. त्यांनी कायद्याची छोटी प्रत उघडून माझ्यासमोर ठेवली आणि कलम 15 मधल्या एका ओळीवर बोट ठेवले. “सर, जबरदस्तीच्या व्याख्येत गुन्हा करणे किंवा करण्याची धमकी देणे एवढेच नाही. मालमत्ता बेकायदा अडकवून ठेवणे किंवा तशी धमकी देणे हेही आहे. काकांनी दुसरे काय केले?”

माझे पहिले उत्तर सरधोपट होते. पालक आणि पाल्य हे विश्वासाचे नाते आहे, काका वर्चस्वाच्या स्थितीत आहेत, म्हणून कलम 16, म्हणजे अनुचित प्रभाव. त्यावर त्या म्हणाल्या, “नाते आहेच. पण सही नात्यामुळे झाली की दागिन्यांमुळे?”

या प्रश्नाला माझ्याकडे तयार उत्तर नव्हते. मी त्यांना अर्ध्या तासाने यायला सांगितले आणि प्रश्न पुन्हा वाचायला बसलो.

हा प्रश्न मी कसा रचला होता ते मला आठवत होते. कलम 16 खाली कायद्यानेच दिलेले पहिले उदाहरण बाप आणि मुलाचे आहे. मुलगा अज्ञान असताना बापाने त्याला पैसे दिलेले असतात. तो सज्ञान होताच बाप आपल्या वजनाचा गैरवापर करून प्रत्यक्ष देण्यापेक्षा जास्त रकमेचे रोखे लिहून घेतो. मी बापाच्या जागी काका घातले, रोख्याच्या जागी पावती घातली आणि गोष्ट सपक वाटू नये म्हणून दागिने आणले. कायद्याच्या उदाहरणात धमकी कुठेच नाही, हे लिहिताना माझ्या ध्यानातच आले नाही. त्या मुलाला बापाने काही अडवून दाखवलेले नाही. बाप बाप आहे, एवढ्यानेच मुलाची मान खाली गेली आहे. माझ्या प्रश्नात मात्र मुलाची मान नात्याने खाली जायच्या आतच दागिन्यांची पेटी मध्ये आली होती.

मग मी एक साधी वजाबाकी करून पाहिली. गोष्टीतून काकांचे पालकपण काढून टाकले आणि दागिने तसेच ठेवले. समजा, ते दागिने एखाद्या त्रयस्थाकडे सुरक्षित ठेवायला दिलेले आहेत आणि तो ते परत न देता आपल्या सोयीची पावती मागतो आहे. मुलगा सही करील का? करील, आणि त्याच कारणासाठी करील. आता उलट करून पाहू. दागिने काढून टाकले आणि पालकपण ठेवले. “इतकी वर्षे तुला सांभाळले, आता हिशेब मागतोस?” एवढेच काका म्हणाले. मुलगा सही करील का? करीलही कदाचित, पण तसे माझ्या प्रश्नात कुठे लिहिलेच नव्हते. त्या बोलण्याचा, त्या भिडेचा, हिशेब समजून घेण्याच्या मुलाच्या असमर्थतेचा एकही शब्द मी दिला नव्हता. जे दिले होते ते सगळे अडवणुकीचे होते.

या मुद्द्यावर निकालही आहे, आणि तो मी दरवर्षी वर्गात सांगत आलो आहे, ही यातली लाजिरवाणी गोष्ट. मद्रास उच्च न्यायालयाचे मुथिया चेट्टियार विरुद्ध करुप्पन चेट्टी हे 1927 चे प्रकरण. मुदत संपलेला मुनीम नव्या मुनिमाकडे हिशेबाच्या वह्या सोपवायला तयार नव्हता. आधी मालकाने आपल्याला सर्व देण्याघेण्यातून मोकळे केल्याचे लिहून द्यावे, अशी त्याची अट होती. मालकाने लिहून दिले आणि न्यायालयाने ते जबरदस्तीने घेतलेले ठरवले. मालक आणि मुनीम हेही विश्वासाचेच नाते, पण मुनिमाने विश्वासाचा उपयोग केला नव्हता, वह्यांचा केला होता. माझे काका म्हणजे तो मुनीमच होता. फक्त वह्यांच्या जागी दागिने होते.

नाते जवळचे असले म्हणजे उत्तर अनुचित प्रभाव, ही सवय विद्यार्थ्यांना लागते आणि ती मोडण्यासाठी मी स्वतः आणखी एक प्रकरण फळ्यावर मांडतो. 1917 च्या मद्रासच्या चिक्कम अम्मिराजू प्रकरणात नवऱ्याने आत्महत्येची धमकी देऊन बायको आणि मुलाकडून आपल्या भावाच्या नावे हक्कसोड लिहून घेतली. नवरा-बायको आणि बाप-लेक यांहून जवळचे नाते कोणते? तरीही बहुमताने ती जबरदस्ती ठरली. आत्महत्या करणाऱ्याला शिक्षा देता येत नाही म्हणून ते कृत्य दंड संहितेला मान्य आहे असे होत नाही, असा त्यामागचा विचार होता. तिसऱ्या न्यायमूर्तींना तो पटला नव्हता, पण तेही नात्यामुळे नव्हे.

बाई परत आल्या तेव्हा त्यांच्याबरोबर अनुचित प्रभावाला खूण केलेला एक तरुणही आला. तालिका बदलण्याची कुणकुण त्याला लागली असावी. तो म्हणाला, “सर, मला कलम 16 चे सगळे मुद्दे प्रश्नात सापडले. विश्वासाचे नाते आहे. हिशेब न दाखवता हिशेबाची पावती घेतली, म्हणजे व्यवहार उघड अन्यायाचा आहे. मग सिद्धतेचा भार काकांवर जात नाही का?”

त्याचा मुद्दा फेटाळण्यासारखा नव्हता. खरे तर त्याने पायऱ्या योग्य क्रमाने चढल्या होत्या, आणि ते फार थोड्यांना जमते. पुष्कळ जण व्यवहार अन्यायाचा दिसला की तिथूनच सुरुवात करतात. ब्रिटिश काळात भारतातली अखेरची अपिले ऐकणाऱ्या प्रिव्ही कौन्सिलने 1924 साली रघुनाथ प्रसाद प्रकरणात हा क्रम घालून दिला. आधी एक बाजू दुसऱ्याच्या इच्छेवर हुकमत चालवू शकेल अशा स्थितीत होती का ते पाहायचे, मग व्यवहार अन्यायाचा आहे का ते पाहायचे, आणि दोन्ही दिसल्यावरच भार दुसरीकडे जातो. त्या प्रकरणात कर्जदाराने शेकडा 24 दराच्या चक्रवाढ व्याजाने पैसे घेतले होते. व्याज भरमसाट होते, पण सावकाराची त्याच्या मनावर हुकमत होती असे काही दिसत नव्हते. पैशाची निकड असणे म्हणजे कोणाच्या हुकमतीखाली असणे नव्हे, म्हणून त्याचा बचाव पहिल्या पायरीवरच अडला.

खरा दावा असता तर त्या तरुणाचे म्हणणे अधिकच कामाचे ठरले असते. जबरदस्ती म्हणणाऱ्याला अखेरपर्यंत ती स्वतःच शाबीत करावी लागते. अनुचित प्रभावात वर्चस्व आणि अन्याय दाखवला की आपला व्यवहार स्वच्छ होता हे काकांना दाखवावे लागते. म्हणून कोणताही जाणता वकील अशा मुलासाठी दोन्ही बाबी पर्यायी म्हणून मांडील आणि प्रत्येकीचा तपशील वेगळा देईल: दागिने कोणत्या तारखेला मागितले, काका काय म्हणाले, हिशेबाची मागणी केली होती का. न्यायालयात दोन्ही बाबी शेजारी नांदू शकतात, वस्तुनिष्ठ प्रश्नात मात्र एकाच चौकोनात खूण करायची असते, आणि तिथे प्रश्न काढणाऱ्याने कोणती एक गोष्ट सहीला कारण झाली ते वस्तुस्थितीतच दाखवून ठेवले पाहिजे.

मी तालिकेतले उत्तर बदलून जबरदस्ती केले, कारण प्रश्नातले सहीचे कारण तेच होते. अनुचित प्रभावाला खूण करणाऱ्यांचा गुण मात्र कापला नाही, कारण पालक आणि न दाखवलेला हिशेब मीच त्यांच्यापुढे टाकला होता. बाईंना हे फारसे रुचलेले दिसले नाही. “मग बरोबर उत्तर कोणते, सर?” एवढेच त्या म्हणाल्या. मी म्हटले, बरोबर उत्तर तुमचे, चुकीचा प्रश्न माझा.

संध्याकाळी त्या दोघांसमोरच मी तो प्रश्न फोडून दोन प्रश्न लिहिले. पहिल्यात काकांचे नाते ठेवले, पण हिशेब दाखवलेला असल्याचे लिहिले. भांडण फक्त शेतीच्या एका हिश्श्याच्या हक्कसोडीचे ठेवले आणि ‘दागिने परत देण्यास काका कायद्याने बांधील होते’ हे वाक्य मुद्दाम घातले. कारण अडवणूक बेकायदाच हवी. मुलाच्या फीसाठी तेच दागिने रीतसर गहाण पडले असते आणि कर्ज फिटेपर्यंत सराफाने ते ठेवून घेतले असते, तर कलम 15 उभेच राहिले नसते. दुसऱ्या प्रश्नातून दागिने पूर्ण काढले. मुलगा लहानपणापासून काकांच्या घरी वाढलेला, बाहेर कोणाचा सल्ला घ्यायला त्याला वाव नाही, काकांनी जेवणाच्या ताटावर कागद पुढे केला आणि म्हणाले, “माझ्यावर विश्वास नाही का?” त्याने न वाचता सही केली. हिशेबात त्याचे बरेच पैसे निघत होते.

दोन्ही कागद मी त्यांच्याकडे सरकवले. तरुणाने पहिला वाचून मान हलवली. बाईंनी दुसरा दोनदा वाचला आणि पेन्सिलीने दुसऱ्या ओळीखाली रेघ ओढली.

“सर, यात मुलाचे वय कुठेच नाही. तो अज्ञान असेल तर करार मुळातच शून्य, मग संमती मुक्त होती की नव्हती हा प्रश्नच येत नाही.”

मी कागद परत घेतला आणि ओळीच्या वर, जागा नव्हती तिथे, बारीक अक्षरात ‘18 वर्षे पूर्ण केलेला’ असे लिहिले.