चोर्ला घाटात डोळा लागला तेव्हा

पिरनवाडीत आमचं मेडिकल आहे. बेळगावहून भाजी घेऊन जांबोटी, कणकुंबीमार्गे रात्रीच गोव्याला निघणारे पिकअपवाले आमच्याकडे थांबतात. खोकल्याच्या औषधाचं त्यांना फारसं काही वाटत नाही. मला मात्र त्याचीच जास्त धास्ती असते. कंपनीच्या लेबलवरची सूचना बारीक इंग्रजीत असते, म्हणून अशा बाटल्यांवर मी मराठी आणि कन्नडमध्ये छापून घेतलेले स्टिकर लावते: 'झोप येऊ शकते, गाडी चालवू नका' आणि 'दारू टाळा'.

गेल्या पावसाळ्यात एक नेहमीचे मामा अर्धी बाटली घेऊन आले. "ताई, खोकला कमी आलाय, खरं डोळं जड होऊलालेत. काल घाटात गाडी कडंला गेली, क्लिनरनं हाक मारली म्हणून वाचलो." स्टिकर जागेवरच होता आणि त्यांनी तो वाचलाही होता. "म्हणून तर गाडीत घेत नाही. आठला जेवून घेतो, निघतो दोनला. तवर उतरतंय की."

असं जवळजवळ सगळ्यांनाच वाटतं, आणि फसगत होते ती इथेच. बाटली फिरवून मी त्यांना मागचं घटकांचं लेबल दाखवलं. त्यात क्लोरफेनिरामाइन होतं, दर 5 मिलीला 2 मिग्रॅ. नाक गळणं थांबवायला ते चांगलं, पण ते मेंदूपर्यंत पोचतं आणि जाग ठेवणारं हिस्टामाइन तिथे अडवतं. मोठ्या माणसाच्या शरीरातून त्यातलं निम्मं बाहेर पडायला साधारण वीस तास लागू शकतात. म्हणजे आठला घेतलेलं दोनला उतरलेलं नसतं, आणि दुसऱ्या दिवशीचा डोस आधीच्या उरलेल्यावर चढतो. त्या स्टिकरचा अर्थ 'घेतल्यावर तासभर जपा' एवढाच नाही. हे औषध चालू आहे तोवर, आणि बंद केल्यावरही सुस्ती पूर्ण जाईपर्यंत, स्टिअरिंग हातात घ्यायचं नाही.

तरीही एवढी गुंगी मला जास्त वाटली. "आणखी काय चालू आहे?" असं विचारल्यावर मामांनी खिशातून सर्दीच्या गोळ्यांची चुरगळलेली स्ट्रिप काढली. गावातल्या दुकानातून आणलेली. पॅरासिटामॉल, फेनिलेफ्रिन, आणि तिसऱ्या ओळीत पुन्हा तेच क्लोरफेनिरामाइन, 2 मिग्रॅ. हिशोब त्यांच्यासमोरच कागदावर मांडला. सिरप दिवसातून तीनदा 10 मिली, म्हणजे 12 मिग्रॅ. गोळ्या तीन, म्हणजे 6. एकूण 18. दिवसाची कमाल मात्रा 24 आहे, म्हणून हा आकडा विषारी नव्हे. पण झोप यायला कमाल मात्रा गाठावी लागत नाही. काहींना एका 4 मिग्रॅच्या डोसानेही पेंग येते.

औषध परस्पर बदलायचा अधिकार मला नाही. त्यांच्या डॉक्टरांना फोन लावला. त्यांनी दोन्ही बंद करून अॅम्ब्रॉक्सॉलचं साधं सिरप आणि अंगदुखीला नुसतं पॅरासिटामॉल सांगितलं. त्या रात्रीची खेप मामांनी भाच्याकडे सोपवली. आधीचं औषध अंगात होतंच, त्यामुळे दुसऱ्या रात्रीही गाडीला हात लावू नका, असं मी बजावलं.

निघताना मामांनी हळूच विचारलं, "आणि ही दुसरी चिठ्ठी? एखादा पेग चालतोय काय?" त्या बाटलीवर तिचा अर्थ सरळ आहे: दारूही मेंदू मंदावते आणि हे औषधही, दोन्हींची बेरीज होते. एरवी पचणारा पेग अशा वेळी दुप्पट चढल्यासारखा वाटतो.

मामांबरोबरच्या क्लिनरलाही दाढदुखीसाठी मेट्रोनिडाझोल चालू होतं, 400 मिग्रॅ, दिवसातून तीनदा. त्याच्या पाकिटावरही 'दारू टाळा' होतंच, पण तिथे त्याचं कारण झोप नाही. या औषधाबरोबर दारू घेतली तर चेहरा लाल होणं, छातीत धडधड, डोकेदुखी, उलट्या असा त्रास झाल्याच्या नोंदी आहेत. तो प्रत्येकाला होतोच असं नाही, आणि अलीकडच्या काही अभ्यासांनी त्याबद्दल शंकाही घेतली आहे. तरी कोणाला होईल हे आधी ओळखता येत नाही, म्हणून सूचना कायम आहे आणि मी ती पाळायलाच सांगते. दुसरा फरक मुदतीचा. शेवटची गोळी घेतल्यावरही किमान 48 तास थांबायचं.

क्लिनर म्हणाला, "कोर्स गुरुवारी रात्री संपतोय. मग शुक्रवारी मोकळा की?"

त्याच्या पाकिटावर मी पेनने लिहून दिलं: शेवटची गोळी गुरुवार रात्री 10, दारू शनिवार रात्री 10 पर्यंत नाही. मामांनी हिशोबाचा कागदही मागून घेतला. तो त्यांच्या घरच्यांना दाखवायला होता, कारण सर्दीची ती गोळी घरातले सगळेच घेत होते.